हॅन्ड मिक्सर पहिल्यापासून फुल स्पीडवर चालवावा का?

"हॅन्ड मिक्सर पहिल्यापासून फुल स्पीडवरच चालवा. हवा जास्त भरते, केक छान फुगतो, क्रीम पटकन घट्ट होतं. काम लवकर उरकल्यामुळे मोटरवरही ताण येत नाही. बीटर कोणतेही लावा, सगळे सारखेच."

हा सल्ला बहुतांशी चुकीचा आहे. केकमध्ये हवा भरायची असते ती लोणी-साखर फेटताना. मैदा पडल्यावर ते काम संपतं. १०० ग्रॅम लोणी, १०० ग्रॅम बारीक दाण्याची साखर, २ अंडी, १०० ग्रॅम मैदा आणि १ छोटा चमचा बेकिंग पावडर असा साधा केक घेऊ. मिक्सर पाच स्पीडचा आहे असं धरू.

लोणी बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ हवं, वितळलेलं नको. साखरेचे दाणे त्यात घुसतात आणि बारीक पोकळ्या करतात. ओव्हनमध्ये बेकिंग पावडरचा वायू याच पोकळ्या फुगवतो, नव्या तयार करत नाही. हे काम तीन नंबरवर चार-पाच मिनिटांत होतं. मिश्रण फिकट आणि हलकं दिसू लागतं. पाच नंबरवर घर्षणाने लोणी तापतं, तेलकट चमक येते आणि भरलेली हवा निसटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे फारच लवकर होतं. मग अंडी एकेक करून दोन नंबरवर मिसळायची.

मैदा मात्र एक नंबरवरच, दोन भागांत, तेही कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंत. यासाठी साधारण अर्धं मिनिट पुरतं. कडेला राहिलेलं पीठ स्पॅच्युलाने हाताने मिसळावं. इथे फुल स्पीड दिला की मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. अशा केकच्या मध्यभागी टोकदार उंचवटा येऊन तडा जातो, कापल्यावर आत उभी लांबट भोकं दिसतात आणि तुकडा चिवट लागतो. 'केक फुगला पण पावासारखा झाला' या तक्रारीमागे अनेकदा हेच असतं.

क्रीम पटकन घट्ट होतं हे खरं, पण पटकन फुटतंही. दुधाच्या क्रीममध्ये हवेच्या बुडबुड्यांना चरबीचे कण धरून ठेवतात. त्यासाठी किमान ३० टक्के चरबी लागते. भाजीत घालायचं २५ टक्क्यांचं फ्रेश क्रीम कोणत्याही स्पीडवर नीट उभं राहत नाही. क्रीम, भांडं आणि बीटर फ्रिजमध्ये थंड करून घ्यावेत. दोन नंबरवर सुरुवात करून फेस आला की तीनवर जावं आणि बीटरच्या रेघा उमटून राहू लागल्या की पुन्हा दोनवर यावं. मध्यम वेगात बुडबुडे बारीक आणि एकसारखे होतात, म्हणून आयसिंग टिकतं. फुल स्पीडवर मऊ टोक धरणारं क्रीम आणि रवाळ क्रीम यांत काही सेकंदांचंच अंतर उरतं. चमक गेली, कडा खरबरीत दिसल्या की तिथेच थांबावं. एक-दोन चमचे न फेटलेलं थंड क्रीम घालून हाताने हलवलं तर अशा वेळी ते बहुधा सावरतं. पाणी वेगळं झालं असेल तर ते लोणीच झालं, आयसिंगला उपयोग नाही.

आता मोटर. तिच्यावर ताण आणतो तो मिश्रणाचा घट्टपणा. बीटर अडखळले की मोटरचा वेग पडतो, ती जास्त करंट ओढते आणि तापते. तिला थंड करणारा पंखाही त्याच मोटरवर फिरत असल्यामुळे नेमका तेव्हाच मंदावतो. म्हणून फ्रिजमधून काढलेल्या लोण्याच्या ढेपेत बीटर खुपसणं हे कोणत्याही स्पीडवर वाईट, आणि फुल स्पीडवर ढेप उडते ती वेगळीच. लोणी तुकडे करून मऊ होऊ द्या. आवाज जड झाला, जाळीतून गरम वारा किंवा जळका वास आला तर लगेच बंद करून प्लग काढा आणि यंत्र पूर्ण थंड होऊ द्या. सलग किती मिनिटं चालवायचं ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. बऱ्याच घरगुती यंत्रांना ती मर्यादा पाच मिनिटांच्या आसपास असते. वरच्या केकचं काम थांबत थांबत केलं तर त्यात सहज बसतं. आणखी एक धोका पिठीसाखरेचा आणि मैद्याचा. फुल स्पीडवर त्यांची धूळ उडते आणि पंखा ती जाळीतून आत ओढतो.

बीटरबद्दल थोडक्यात. चपट्या पात्यांची जोडी लोणी-साखर आणि केकच्या मिश्रणासाठी. बारीक तारांचा व्हिस्क क्रीम आणि अंड्याच्या पांढऱ्यासाठी. घट्ट लोण्यात त्याच्या तारा वाकतात. पिळाचे डो हुक कणकेसाठी, ते हवा भरत नाहीत. बऱ्याच मिक्सरांत जोडीतल्या एकाच्या दांड्यावर कडं असतं आणि तो ठरावीक भोकातच बसवायचा असतो. 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. चालू केल्यावर पाती एकमेकांवर खडखडली तर बंद करून, प्लग काढून दोन्ही पुन्हा बसवा.