पुसट बिलाला इस्त्री लावण्याआधी

*“दुकानाचं बिल पुसट झालंय? टेन्शन नको! इस्त्री किंवा हेअर ड्रायरने गरम करा, अक्षरं जशीच्या तशी परत येतात. मग स्कॅनर ॲपमध्ये ब्लॅक अँड व्हाइट करा. नावं अर्धवट असतील तर गूगल करा, कळतील. शेवटी लॅमिनेशन करून ठेवा, जन्मभर टिकेल. सगळ्या ग्रुपवर पाठवा.”*

सोलापुरात हिशेबाची कामं करणाऱ्या आमच्यासारख्यांकडे मार्चअखेरीला अशी बिलं पिशव्या भरभरून येतात. हा मेसेज फिरायला लागल्यापासून त्यातली काही काळीठिक्कर होऊन यायला लागली आहेत, म्हणून हे लिहितोय.

इस्त्रीपासून सुरुवात करू. दुकानाची अशी बिलं छापणाऱ्या प्रिंटरमध्ये शाईच नसते. कागदाच्या एका बाजूला रंगहीन डाय आणि आम्लधर्मी रसायन यांचा पातळ थर असतो. प्रिंटरचं तापलेलं डोकं जिथे टेकतं तिथे दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळं उमटतं. पण हा थर कोऱ्या जागेवरही तितकाच असतो. साधारण 60-70 अंशांच्या पुढे तो रंग धरू लागतो आणि इस्त्री अगदी कमीवर ठेवली तरी त्याहून बरीच गरम असते. त्यामुळे इस्त्री फिरली की अख्खा कागद काळा. ड्रायरने तेच सावकाश होतं, इतकाच फरक.

बिल कशामुळे पुसट झालं हेही बघावं लागतं. शेंगा चटणीच्या पुडक्यासोबत पिशवीत पडून तेल लागलं किंवा पाकिटाच्या मऊ प्लास्टिकच्या कप्प्यात महिनोन्‌महिने राहिलं, तर तेल आणि प्लास्टिकमधली द्रव्यं डाय आणि त्या रसायनाची जोडी तोडतात. तिथे पुन्हा उष्णता दिली तरी काळं धरेलच असं नाही. उन्हाने उडालेलं असेल तर डायच मोडलेला असतो, तो परत येत नाही. मेमधल्या सोलापुरात गाडीच्या डिक्कीत राहिलेल्या बिलाची तर उलटी तऱ्हा, कारण तिथे कागदच करडा पडतो.

मेसेजमध्ये खरं असेल तर एवढंच: कधी कधी गरम केल्यावर भोवतालचा कागद करडा होतो आणि जुनी अक्षरं फिकट राहतात. त्याचा फोटो काढून रंग उलटे केले की ती वाचता येतात. पण हा शेवटचा उपाय. आधी फोटो काढून ठेवायचा, मग ड्रायर लांबून धरायचा आणि कागदाचा रंग बदलायला लागला की थांबायचं. त्यानंतर ते बिल मूळ पुरावा म्हणून कुणापुढे ठेवण्यासारखं राहत नाही.

ब्लॅक अँड व्हाइटचं काम नेमकं उलटं आहे. ते ॲप प्रत्येक ठिपका एक तर काळा ठरवतं, नाही तर पांढरा. आपल्याला हवी असलेली फिकट करडी किंवा पिवळट रेघ त्यात सरळ पांढऱ्यात जाते. फोटो रंगीतच काढायचा, फ्लॅश बंद ठेवून, खिडकीच्या आडव्या उजेडात. मग कॉन्ट्रास्ट थोडा थोडा वाढवायचा. एक गोष्ट मात्र वेगळी ओळखायला शिका: प्रिंटरच्या डोक्यातला एखादा ठिपका जळाला असेल तर बिलभर वरून खालपर्यंत एकच बारीक पांढरी उभी रेघ दिसते. ती 8 च्या डाव्या कडेवरून गेली की 8 चा 3 दिसतो. हे पुसट होणं नव्हे. सगळ्या ओळींत त्याच जागी खाच आहे का, एवढं बघायचं.

आता बिलावरची वस्तूंची नावं. त्यांचं गूगल करून काही हाती लागत नाही, कारण ती कंपनीची नसतात. दुकानातल्या कुणीतरी बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घाईत टाईप केलेली असतात. 58 मिमीच्या रोलवर छपाईची रुंदी 48 मिमी, आणि नेहमीच्या अक्षरात एका ओळीत 32 अक्षरं. त्यातून नग, दर, रक्कम वजा केली की नावाला बारा-तेराच उरतात. सगळी नावं एकाच जागी तुटलेली दिसली तर ती मशीनने कापली आहेत, आणि शेवटी लिहिलेला साइझ गेलेला आहे. स्वर गाळून लिहिलेली असतील तर माणसाने आखडली आहेत, त्यात साइझ बहुधा शाबूत असतो. बाकीचं काम आकडे करतात. चाटी गल्लीतल्या कापड दुकानात मिळतं तसं हे बिल घ्या, समजण्यासाठी मीच मांडलेलं:

```
SLP CHDR DBL  2  480.00   960.00
TWL TRY 30X60 3  1?0.00   ??0.00
NPKN HND      6   65.00   390.00
TOTAL                    1???.00
CGST 2.5%                  45.00
SGST 2.5%                  45.00
```

डबलची सोलापुरी चादर, टेरी टॉवेल, हात पुसायचे नॅपकिन. टॉवेलच्या दरातला मधला आकडा 0, 6 किंवा 8 वाटतो. आधी जागा बघा. प्रत्येक अक्षर दीड मिमीचं आणि रक्कम उजवीकडून लागलेली, म्हणून डावीकडचा पहिला डाग कुठे आहे त्यावरून रक्कम तीन आकडी की चार आकडी हे कळतं. इथे तीन आकडी.

मग कर. सीजीएसटी 45 म्हणजे करपात्र रक्कम 1,800, दोन्ही कर धरून 1,890. चादर आणि नॅपकिन मिळून 1,350. टॉवेलचे उरले 540, म्हणजे दर 180. तो 160 असता तर सीजीएसटी 43.57 आला असता, 100 असता तर 39.29. दोन्ही बसत नाहीत.

पण इथेच एक गोम आहे. दरात कर धरलेला नसेल तर ओळींची बेरीज 1,800 हवी. मग टॉवेलचे 450, दर 150, आणि एकूण पुन्हा 1,890 च! हिशेब दोन्हीकडे चोख जुळतो. उलगडा मांडणीत आहे: कर वरून लावलेल्या बिलात आधी बेरजेची ओळ, मग कर, मग एकूण असा क्रम असतो. इथे एकूण आधी आणि कर खाली नुसते फोडून दाखवलेत, म्हणजे दर करासकट, तेव्हा 180. खात्रीसाठी आकड्याचा वरचा उजवा कोपरा भिंगातून बघा. 8 ला तिथे उभी कड असते, 5 ला नसते.

याच्या पलीकडे काही जमत नाही. दोन ओळींचे दर एकदम गेले असतील तर बेरीज कितीतरी तऱ्हांनी जुळते. सूट किंवा राउंड ऑफची ओळ गेली असेल तरी तेच. अशा वेळी अंदाजाचा आकडा वहीत चढवू नये.

लॅमिनेशनबद्दल फार बोलायला नको. पाउच शंभर अंशांच्या वर तापवून चिकटवतात, बिल आत जातं पांढरं आणि बाहेर येतं काळं. टेपचा गोंदही अक्षरं खातो. साध्या कागदावर झेरॉक्स काढा, त्याचा टोनर असा उडत नाही.

आणि पुसट बिल हातात आलं की वस्तूंच्या आधी बिल नंबर, तारीख आणि काउंटर नंबर वाचून लिहून ठेवा. दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनं बिल नंबरावरून सापडतं आणि डुप्लिकेट निघते. तेवढे तीन आकडे लागले तर टॉवेल 180 चा की 150 चा, ही डोकेफोड करावीच लागत नाही.