नोकरी लागली आहे, तेव्हा आता कागद वाचू नये

फौजेत १७ वर्षे काढून आपण गावी परत आला आहात, पऱ्हाटीच्या शेतात थोडे दिवस मन रमवले आहे आणि आता तालुक्याच्या गावातील एका सरकारी बँकेत माजी सैनिकांच्या राखीव जागेवर आपली निवड झाली आहे, याबद्दल प्रथम अभिनंदन. यापुढे आपण एकच पथ्य पाळावे. कोणताही कागद वाचू नये. बसस्टँडवरच्या पानठेल्यावर आपल्या पेन्शनीचा विषय निघाला की तेथे जो सर्वांत मोठ्याने बोलतो, त्याचेच ऐकावे. "भाऊ, पेन्शन चालू अन् पगारबी चालू, मंग घाबराचं काहून?" असे तो म्हणेल. त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असलेलेच या देशात पुरते पसरते.

आधी त्याचे जे अर्धे खरे आहे ते पाहू. जवान, नाईक किंवा हवालदार या दर्जाच्या माणसाने किमान १५ वर्षांची पात्र सेवा केली की त्याला सेवा पेन्शन मिळते. तो वयाच्या ५५ वर्षांच्या आत निवृत्त होऊन पुन्हा केंद्र सरकारच्या नोकरीत लागला, तर त्याचा नवा पगार ठरवताना त्याची पेन्शन संपूर्णपणे दुर्लक्षित केली जाते, म्हणजे पेन्शन मिळते म्हणून पगारातून एक पैसाही कापत नाहीत. अधिकारी दर्जाच्या निवृत्तांबाबत फक्त पहिले १५,००० रुपये दुर्लक्षित होतात. त्यामुळे मेजर साहेबांचा अनुभव आपल्याला सांगणारा कोणी भेटला तर तो हमखास चुकीचा लागू होईल, आणि म्हणूनच तो अवश्य लक्षात ठेवावा. (आपण अग्निवीर असाल तर मात्र हा लेख येथेच सोडावा, चार वर्षांच्या सेवेला पेन्शनच नाही, तेव्हा ती कशाने कमी होईल ही चिंताही नाही.)

आता उरलेले अर्धे. पेन्शनीचे दोन भाग असतात, मूळ पेन्शन आणि तिच्यावरचा महागाई भत्ता, ज्याला कागदावर डीआर म्हणतात. मूळ पेन्शनीला दुसऱ्या नोकरीने धक्का लागत नाही. डीआरचे तसे नाही. सरकारी खाते, सरकारी महामंडळ किंवा सरकारी बँक यांत पुन्हा नोकरी धरली की डीआर थांबतो, हा मूळ नियम आहे. जवानापासून सुभेदार मेजरपर्यंतच्या, म्हणजे अधिकारी नसलेल्या निवृत्तांना मात्र १८ जुलै १९९७ पासून तो चालू ठेवण्याची मुभा मिळाली. तिला एक अट आहे. नव्या नोकरीतील सुरुवातीचा पगार त्या वेतनश्रेणीच्या अगदी किमान टप्प्यावर निश्चित झालेला असावा. खाजगी कंपनीत पहारा देणाऱ्याला ही अट लागू नाही, हे खरे. परंतु तेथे पगारही तसाच असतो.

आता सर्वांत महत्त्वाचा सल्ला. बँकेत रुजू झाल्यावर एखादा वरिष्ठ कारकून आपल्याला सांगेल की, फौजेतील शेवटचा पगार राखून इथला पगार त्यानुसार वर बसवून घेता येतो, त्यासाठी एक अर्ज करावा लागतो. आपण त्याच क्षणी, टेबलावर उभ्यानेच, कोऱ्या कागदावर अर्ज लिहून द्यावा. घरी नेऊन विचार करू नये. विशेषतः पुढील हिशेब तर कदापि करू नये.

समजा, आपली मूळ पेन्शन २०,००० रुपये आहे. आपण तिचा निम्मा भाग विकला आहे, म्हणजे एकरकमी रक्कम घेऊन त्यात घराचा स्लॅब टाकला आणि मळ्यात बोअर मारली. तो भाग १५ वर्षांनी परत जोडला जाईल. तोवर मूळ पेन्शनीपोटी दरमहा १०,००० रुपये हाती येतात. डीआर मात्र विकण्याच्या आधीच्या पूर्ण २०,००० वर मोजतात. जानेवारी २०२४ पासून लागू झालेला ५० टक्क्यांचा दर हिशेबाच्या सोयीसाठी धरला, तर तो १०,००० रुपये होतो. म्हणजे आपल्या हातातील पेन्शनीचा निम्मा भाग डीआरच आहे. पेन्शन विकलेल्या माणसाला डीआर जाणे न विकलेल्यापेक्षा अधिक झोंबते, ते याच कारणाने. आता समजा, पगार वर बसवून घेतल्याने बँकेत दरमहा ६,००० रुपये जास्त मिळू लागले. सहा हजार मिळवण्यासाठी दहा हजार सोडण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो ३७ व्या वर्षी केला तर साठाव्या वर्षी बँकेतून निवृत्त होईपर्यंत चालतो. वर बसलेला पगार दरवर्षी वाढतो हे खरे, पण डीआरचा दरही वर्षातून दोनदा वाढतो. त्यातही गंमत अशी की, किमान टप्प्यावर रुजू झालेल्याला पुढे वेतनवाढी मिळाल्या तरी त्याचा डीआर जात नाही, कारण कसोटी सुरुवातीच्या निश्चितीची आहे. एका सहीवर २३ वर्षे अवलंबून आहेत. म्हणून ती सही चहा येण्याच्या आत उरकावी.

सही झाली. आता पेन्शन देणाऱ्या कार्यालयाला काहीही कळवू नये. नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना, पुन्हा सरकारी नोकरी धरली आहे काय, असे विचारले जाते. सेवा केंद्रातील पोराला "मागच्या साली टाकलं होतं तेच टाक" असे सांगून आपण बाहेर बिडी ओढायला जावे. पगार कोणत्या टप्प्यावर निश्चित झाला याचा बँकेचा दाखला जोडावा लागतो, हे त्या पोराला ठाऊक नसते आणि आपल्यालाही नसावे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील एका नाईकाने हे पथ्य ३० महिने काटेकोरपणे पाळले. पेन्शन डीआरसह येत राहिली, त्यामुळे सर्व नियमानुसारच चालले आहे असे त्याने धरले. पैसे आले याचा अर्थ ते आपले आहेत असा होतो, ही समजूत शेतकऱ्याच्या घरात कशी रुजली, हे मला कळत नाही. कर्ज तर त्याच वाटेने येते. ३१ व्या महिन्यात खात्यावर नेहमीपेक्षा निम्मीच रक्कम आली आणि मागून वसुलीचे पत्र आले. त्याची पेन्शन, विक्री आणि दर आपण वर धरले तेच मानले, तर ३० गुणिले १०,००० म्हणजे ३,००,००० रुपये परत द्यायचे. बँकेने त्याला फसवले नव्हते, पेन्शन कार्यालयानेही नव्हते. एकाने अर्जाप्रमाणे पगार दिला, दुसऱ्याने दाखल्याप्रमाणे पेन्शन दिली, आणि हे दोन कागद एकमेकांशी बोलत नव्हते तोवर सगळे सुखाने चालले होते.

पत्र हाती घेऊन तो बँकेच्या त्याच कारकुनाकडे गेला आणि पगार पुन्हा किमान टप्प्यावर आणता येईल काय, असे विचारू लागला. कारकुनाने फाइल उघडली, त्याचा स्वतःच्या अक्षरातील अर्ज त्याच्यापुढे धरला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "मी ही निवड विचारपूर्वक करीत आहे," असे तेथे लिहिले होते. तारीख रुजू झाल्याच्या दिवसाचीच होती.