केक घरचा, कलम डॉक्टरांचं

घरी केक करून विकता ना? मग रिटर्न भरताना स्वतःला बिझनेसवाली मुळीच म्हणवून घेऊ नका. डब्यावर झोकात ‘प्रोफेशनल होम बेकर’ छापलंय, ते काय उगाच? सरळ आयकर कायद्याचं कलम ४४एडीए निवडा, म्हणजे वह्या न ठेवता ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवायची सोय. त्याच्या यादीत डॉक्टर, वकील, सीए, आर्किटेक्ट अशी वजनदार मंडळी आहेत. बेकर नाही, आणि घरी शिकवण्या घेणाऱ्या शेजारच्या बाईही नाहीत. पण एवढ्याशा कारणाने माघार घ्यायची नसते. वर्षाची विक्री सहा लाख असेल, तर निम्मे म्हणजे किमान तीन लाख नफा म्हणून दाखवायचे. मान मिळतो, मग किंमत नको का मोजायला?

बिझनेसचं कलम ४४एडी म्हणजे अगदीच मिळमिळीत. सहापैकी पाच लाख यूपीआयने आले असतील तर त्यांवर ६ टक्के, रोख आलेल्या एक लाखावर ८ टक्के, मिळून ३८,००० रुपये किमान नफा. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा असतो, पण हे वाक्य चष्मा काढून वाचलं की दिसत नाही.

आता त्या ३८,०००मधून मैदा, बटर, खोके, डिलिव्हरी हेही वजा करा. कायदा म्हणतो, हा सगळा खर्च आधीच धरलेला आहे. आयटीआर-४ मध्ये त्यासाठी रकानासुद्धा नाही, हा अर्थात फॉर्म बनवणाऱ्याचा वेंधळेपणा.

फारच हौस असेल तर वह्या ठेवा, आयटीआर-३ भरा आणि खराखुरा खर्च दाखवा. डिसेंबरात घेतलेला ४०,०००चा ओव्हन एका फटक्यात उडवून टाका. नियमाने त्यावर घसारा मिळतो १५ टक्के, तोही वापर १८० दिवसांपेक्षा कमी म्हणून निम्मा, म्हणजे ३,००० रुपये. ही काय रक्कम झाली? वाण्याच्या ज्या बिलात दहा किलो मैदा आहे, त्यातच तूरडाळ, खोबरेल तेल आणि अगरबत्ती आहे. अख्खं बिल लावा. चकल्यांचा सिलिंडर, चिरंजीवांच्या वाढदिवसाचा केक, सगळं ‘सॅम्पल’.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगू नका. तुमची एवढीच कमाई असेल, तर २०२५-२६ च्या उत्पन्नावर नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंत करच लागत नाही. ३८,००० दाखवा, खरे अडीच लाख दाखवा, कर शून्यच. तरीही कमी दाखवायचं, सवय मोडू द्यायची नाही.

मग पुढच्या वर्षी मोठ्या ओव्हनसाठी कर्ज मागायला बँकेत जा. साहेब रिटर्न उलटून पाहतील आणि विचारतील, “बाई, वर्षाला ३८,०००? हप्ता कशातून भरणार?” तेव्हा अजिबात गडबडायचं नाही. ठणकावून सांगायचं, “अहो, तो आकडा इन्कम टॅक्सवाल्यांसाठी आहे. तुमच्यासाठी वेगळा आहे.”