करारापेक्षा सही जड

“ज्याचं कर्ज त्यानंच फेडायचं असं लग्नाआधीच्या करारात लिहून घेतलं की होणाऱ्या बायकोला काळजी नाही.”

हे चूक आहे, आमच्या घरातच बघितलंय. लातूरकडच्या माझ्या मामेबहिणीची सोयरीक झाली तेव्हा मुलाच्या नावावर दुकानाचं कर्ज होतं, म्हणून मामांनी ५०० च्या स्टॅम्पवर हेच कलम लिहून नोटरी केली आन् निवांत झाले. दोन वर्षांनी तेच कर्ज वाढवून १२ लाखांचं करताना बँकेनं जामीनदार मागितला, नवरा म्हणला नुसती सही कर, तिनं केली. हप्ते थकले तशी नोटीस तिच्याही नावानं आली. पिशवीत जपून ठेवलेला स्टॅम्प पेपर तिनं साहेबापुढं ठेवला तर ते म्हणले, ताई ह्यावर आमची सही कुठंय? करार दोघांतला, तो बँकेला बांधत नाही, आणि जामीनदाराकडून बँक पूर्ण रक्कम मागू शकते, अर्धी नाही. तिनं भरले तर नवऱ्याकडून वसूल करायचा हक्क कायद्यात आहे, पण त्याच घरात राहून दावा कोण लावतं? शेवटी पाटल्या मोडल्या तिनं.

सही केली नसती तर करार नसतानाही ते कर्ज तिच्यावर आलं नसतं. गोवा सोडला तर आपल्याकडं असे करार कोर्टात टिकतीलच असं नाही, म्हणून साखरपुडा झालेल्यांनी आधी एकमेकांचा सिबिल रिपोर्ट बघा, आणि पुढं बँकेत सही करताना नावाखाली ‘जामीनदार’ लिहिलंय का ‘सहकर्जदार’ ते वाचा, दोन्हीत पैसे तुमच्याकडून मागता येतात.