दार खालून दाखवा

दाराच्या शोरूममध्ये फरशीवर गाल टेकवून पडलेल्या माणसाकडे लोक कसं बघतात, हे मला आता चांगलंच माहीत झालंय. एका बाईंनी मुलाला जवळ ओढलं. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. मला काहीही झालेलं नव्हतं. बाथरूमसाठी म्हणून दाखवलेल्या दाराखाली मोबाईल सरकवून मी त्याच्या तळाचा फोटो काढत होतो, इतकंच. सेल्समन मात्र अतिशय समजूतदार, म्हणजे आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात म्हणाला, "सर, दार समोरून बघायचं असतं."

समोरून काय बघायचं? समोर लॅमिनेट असतं, म्हणजे जेमतेम 1 मिलिमीटरचा पापुद्रा. बाथरूमचं दार समोरून कधीच मरत नाही, ते खालून मरतं. फरशी धुतली की पाणी दाराच्या तळाशी थांबतं. तिथे लाकडाचे आडवे-उभे तुकडे उघडेच ठेवलेले असतील तर ते पाणी वर ओढून घेतात. मग खालची वीतभर जागा फुगते, लॅमिनेटची कड सुटते आणि दार फरशीला घासू लागतं. लोक म्हणतात, "लॅमिनेट खराब निघालं." लॅमिनेट बिचारं धडधाकट असतं. त्याला धरून ठेवणारं लाकूड खालून कुजलेलं असतं. माझ्या फोटोत तळ अगदी कोरा होता. ना पॉलिश, ना रंग, वर करवतीच्या खुणा.

हे मी सेल्समनला दाखवत होतो, तेवढ्यात काका आले. काका गिऱ्हाईकच होते, पण दुकान आपलंच असल्यासारखे वावरत होते. दोन्ही हात मागे, चष्मा कपाळावर. दारापाशी थांबायचं, कुलपाच्या जागी बोटाच्या पेरांनी टकटक करायची, कान लावायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा.

"भरीव आहे," ते म्हणाले. पुढचं दार. टकटक. "हेही भरीव." त्याच्या पुढचं. टकटक. "एक नंबर."

सेल्समन प्रत्येक निकालाला मान डोलवत होता. का नाही डोलवणार? त्यातली दोन दारं पोकळ होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"काका, जरा मधोमध वाजवून बघा ना," मी म्हणालो.

"मध्ये कशाला? दार धरतो कुठे आपण? इथे!" काकांनी पुन्हा कुलपाच्या जागी टकटक केली. "तीस वर्षं अशीच घेतोय दारं."

आता हे समजावायचं कसं? स्वस्त फ्लश दाराच्या, म्हणजे दोन्हीकडून सपाट दिसणाऱ्या दाराच्या, पोटात कागदाची जाळी किंवा विरळ पट्ट्या असतात. पण कुलूप कुठेतरी बसवायला हवंच, म्हणून नेमक्या त्या उंचीवर कडेला लाकडाचा भरीव ठोकळा घातलेला असतो. काका नेमका तोच ठोकळा वाजवत होते! अशा परीक्षेत जगातलं प्रत्येक दार पास होईल. मी हातानेच मधोमध थाप मारली. ढब्ब. काकांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि सेल्समनला म्हणाले, "हे गृहस्थ मघाशी खाली पडले होते ना?"

त्यानंतर त्या दुकानात माझ्या शब्दाला काडीची किंमत उरली नाही.

खरं तर मधोमध वाजवूनही एवढंच कळतं की आत भरलंय की पोकळ. बेडरूमसाठी तेवढं पुरतं, कारण भरीव दार आवाज अडवतं आणि पोकळ दारातून शेजारच्या खोलीतली कुजबुजसुद्धा ऐकू येते. बाथरूमसाठी मात्र भरीवपणाहून महत्त्वाचा असतो थर चिकटवणारा डिंक. युरियाचा डिंक ओलाव्यात टिकत नाही, फिनॉलचा टिकतो. फिनॉलची रेषा कडेने साधारण काळपट दिसते. पण रंग मिसळूनही काळपट करता येते, तेव्हा नजरेवर विसंबू नका. त्याच दाराचा कापलेला तुकडा मागून घ्या, दोन-तीन तास पाण्यात उकळा, वाळवा आणि कडेत सुरीचं टोक घालून बघा. थर वहीच्या पानांसारखे सुटले तर ते दार बाथरूमला नको. मी तुकडा मागितला तेव्हा सेल्समनने विचारलं, "उकळायला?" आणि काका हसले.

असो. तर बाथरूमला माझं मत सरळ आहे: फिनॉलचं भरीव फ्लश दार, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, चारही कडांना लाकडी पट्टी, आणि तळाला बसवण्याआधीच पॉलियुरेथेनचे किंवा ऑइल पेंटचे दोन-तीन हात. बसवल्यावर तळाला ब्रश पोहोचत नाही आणि मग ते काम कुणीच करत नाही. फरशीची उंची चुकल्यामुळे जागेवर दार खालून कापावं लागलं, तर कापलेली कड पुन्हा रंगवायला हवी. नेमकं तेच राहतं.

"दोन्ही बाजूंनी" हे मी उगाच म्हटलेलं नाही. पैसे वाचवायला लोक बाहेरून लॅमिनेट लावतात आणि आतून रंग देतात. मग एका बाजूने ओलावा आत-बाहेर होतो, दुसऱ्या बाजूने होत नाही, आणि दार धनुष्यासारखं वाकतं. कडी लावली तरी वरचा कोपरा चौकटीबाहेर डोकावत राहतो. त्याला मग सुतार दार दाबून बंद करण्याचा सल्ला देतो.

जाडीचा हिशोबही आधीच करावा. समजा दार जिथे बसतं ती चौकटीची खाच 35 मिलिमीटरची आहे. 32 चं दार घेतलंत, तर दोन बाजूंचं लॅमिनेट धरून 34 होतं, डिंकासकट नीट बसतं. "जाड तेवढं मजबूत" म्हणून 35 चं घेतलंत, की 37 झालं. ते दोन मिलिमीटर चौकटीबाहेर राहतात आणि दार रोज डोळ्यात खुपतं. म्हणजे लॅमिनेट लावायचं की नाही, हे चौकटीची खाच पाडायच्या आधी ठरायला हवं. प्रत्यक्षात मात्र चौकट पहिल्यांदा बसते आणि लॅमिनेटचा रंग शेवटपर्यंत ठरत नाही.

राहिलं अस्सल लाकूड. बेडरूमला शोभतं, वादच नाही. पण लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने कायम फुगतं आणि आक्रसतं. सागवानाचं अर्ध्या मीटरचं पॅनल घ्या. लाकडातला ओलावा चार टक्क्यांनी बदलला की त्याची रुंदी तीन-साडेतीन मिलिमीटरने बदलते. म्हणून जुने सुतार पॅनल दाराच्याच उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या खाचेत नुसतं सरकवून ठेवत, चिकटवत नसत. दाराच्या एकूण रुंदीत मग फक्त दोन उभ्या पट्ट्यांचं फुगणं धरावं लागतं, तेही मिलिमीटर-दीड मिलिमीटर. हल्लीचा घाईतला कारागीर पॅनलला डिंक लावून मोकळा होतो, आणि कोरड्या दिवसांत पॅनलला मधोमध उभी चीर जाते. ओल्या बाथरूमला हे दार मी तरी लावणार नाही.

बेडरूमला लावलंत, तर पॉलिश सहाही बाजूंना करा, वरच्या आणि खालच्या कडेलासुद्धा. आणि दमट दिवसांत दार घासायला लागलं की लगेच सुताराला बोलावू नका. तो येतो, रंधा मारतो, दार गुळगुळीत बंद होतं, सगळे खूश. मग हवा कोरडी पडते, दार आक्रसतं आणि फटीतून बाहेरचा दिवा दिसायला लागतो. ढलप्या परत चिकटवता येत नाहीत. त्याच सुताराला पुन्हा बोलवून कडेला पट्टी ठोकून घ्यावी लागते, आणि तो पैसे दोन्ही वेळचे घेतो.