मढी माणसं खात नव्हती, ऊस तोडत होती

"तुम्हाला माहीत आहे का? झॉम्बी हा मूळ मराठी शब्द! झोंबतो तो झोंबी. ही विद्या पुढे हैती बेटावर गेली. तिथले मांत्रिक आजही मढी उठवून माणसं खायला सोडतात. चावलं की तुम्हीही झॉम्बी! माशाच्या विषाने हे घडतं हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, तिथल्या कायद्यातही लिहिलंय, आणि अमेरिकी सरकारने २०११ मध्ये मान्य केलंय. हैतीच्या माणसाच्या हातचं काही खाऊ नका. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज ग्रुपवर पाचव्यांदा आला तेव्हाही मी गप्प बसलो असतो. पण ताई सध्या लेकीकडे बॉस्टनला आहे. एक जानेवारीला खालच्या मजल्यावरच्या हैतीच्या बाईंनी भोपळ्याच्या सूपचा डबा आणून दिला. भाचीचं घर शाकाहारी म्हणून मुद्दाम बिनमांसाचं केलेलं. ताईने हा मेसेज वाचला होता. सूप सिंकमध्ये गेलं. भाचीने रडत फोन केला, म्हणून लिहितोय.

शब्दाचं आधी उरकतो. झोंबी कुस्तीची असते, मिरची झोंबते, इथवर ठीक. आपल्याकडे २०२२ मध्ये 'झोंबिवली' सिनेमा आला, त्याच्या नावातली डोंबिवलीवरची कोटी मलाही आवडली. पण कोटी म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. अभ्यासक हा शब्द आफ्रिकेतल्या काँगो भागातल्या, देव किंवा मृतात्मा अशा अर्थाच्या शब्दांशी जोडतात. फ्रेंच वसाहतीवर लिहिणाऱ्या मोरो द सँ-मेरीने १७९७ मध्येच तो भूत या अर्थाचा, तिथल्या क्रेओल बोलीतला शब्द म्हणून नोंदवलाय.

आता ते "माणसं खायला सोडतात". ज्याने लिहिलं त्याला हैतीतला झॉम्बी काय करतो एवढंही ठाऊक नाही. तो काम करतो. दिवसरात्र, बिनपगारी, मान खाली घालून. आजचा हैती म्हणजे फ्रेंचांची सँ-दोमँग वसाहत. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या जिवावर तिथे साखर पिकायची. मेल्यावर तरी आपला आत्मा समुद्रापलीकडच्या 'गिने'ला, म्हणजे आफ्रिकेला परत जाईल, एवढीच त्या माणसांना आशा होती. झॉम्बी म्हणजे ज्याची तीही वाट बंद झाली तो. बोकोर नावाचा मांत्रिक त्याला कबरीतून उठवतो आणि पुन्हा राबायला लावतो. त्यामुळे हैतीत लोक झॉम्बीला भीत नाहीत, आपला माणूस झॉम्बी होईल याला भितात. बोकोरने नाव घेऊन हाक मारली आणि मढ्याने ओ दिली तर ते उठतं, म्हणून काही घरांत मृताचे ओठ शिवत. शवपेटीत बिननेढ्याची सुई आणि तीळ ठेवत, म्हणजे मृत सुई ओवण्यात गुंतून राहावा, हाकेकडे त्याचं लक्षच जाऊ नये.

ही कथा इंग्रजी वाचकांपर्यंत नेली ती विल्यम सीब्रुक या अमेरिकी पत्रकाराच्या १९२९च्या पुस्तकाने. त्यातली एक गोष्ट ताईसाठी सांगतो. साल १९१८. हॅस्को या अमेरिकी साखर कंपनीला उसाच्या हंगामात माणसं हवी होती. ती-जोसेफ नावाचा मुकादम फाटक्या कपड्यांतली, शून्य नजरेची एक टोळी घेऊन आला. डोंगरातली अडाणी माणसं आहेत, बुजतात, म्हणून लांबच्या फडात ठेवा, म्हणाला. मजुरी अर्थातच तो घ्यायचा. त्याची बायको क्र्वायांस त्यांना रोज अळणी शिजवून घालायची, कारण मीठ चाखलं की मेलेल्याला आपण मेलोय हे कळतं. एका सणाला तिला दया आली आणि ती त्यांना गावात मिरवणूक बघायला घेऊन गेली. तिथे तिने त्यांना ताब्लेत घेऊन दिल्या. म्हणजे आपली चिक्कीच म्हणा, उसाच्या तांबड्या साखरेतली, शेंगदाण्याची. गोड आहे, चालेल, असं तिला वाटलं. पण दाणे खारवलेले होते. तोंडात टाकताच ती सगळी आक्रोश करत उठली, आपापल्या डोंगरातल्या गावाकडे चालू लागली आणि पोचल्यावर आपल्या कबरी उकरून त्यांत कोसळली.

यात कोणी कोणाला चावलं? मुकादम, उचललेली मजुरी, गावापासून तोडलेली माणसं. हे आपल्याला, ऊसतोडीच्या टोळ्या दरवर्षी डोळ्यांसमोरून जाताना बघणाऱ्यांना, समजायला जड नाही. शिवाय १९१५ ते १९३४ हैती अमेरिकी सैन्याच्या ताब्यात होता आणि सैन्याने शेतकऱ्यांना धरून वेठबिगारीने रस्ते बांधून घेतले होते. त्या काळात ही गोष्ट का सांगितली जात असेल, ते वेगळं सांगायला नको. आणि माणसाच्या मांसाबद्दलच बोलायचं, तर या साऱ्या प्रकरणात ते खाल्ल्याचं स्वतः छापून सांगणारा एकच इसम सापडतो, तो म्हणजे सीब्रुक!

मग चावणं आलं कुठून? पिट्सबर्गकडून. १९३२च्या 'व्हाइट झॉम्बी'पर्यंत सिनेमातले झॉम्बीही साखर कारखान्यातच राबत होते. त्यात एक जण घाण्यात पडतो आणि बाकीचे घाणा फिरवतच राहतात. १९६८ मध्ये पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. साथीने माणसं रक्तपिपासू झाली आणि एकटाच घर बंद करून उरलाय, ही कल्पना त्याने रिचर्ड मॅथिसनच्या १९५४च्या कादंबरीवरून घेतली होती. रोमेरोच्या सिनेमात मढी माणसं खातात, पण 'झॉम्बी' हा शब्द एकदाही येत नाही. तो लोकांनी मागून चिकटवला. ऐन वेळी नाव बदलताना प्रतींवरची कॉपीराइटची ओळ राहून गेली, त्यामुळे कोणीही तो फुकट दाखवू शकला आणि नक्कल सगळीकडे पसरली. पुढे १९९६च्या 'रेसिडेंट ईव्हिल' गेममध्ये कारण म्हणून कंपनीचा विषाणू आला. या सगळ्यात बोकोर गायब झाला, मुकादमही गायब झाला. पूर्वी राबवणाऱ्याची भीती होती आणि राबणाऱ्याची कीव. आता नुसती अंगावर येणाऱ्या गर्दीची भीती उरली.

कायद्याचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करतो. हैतीच्या जुन्या दंडसंहितेचं कलम २४६ म्हणतं की कोणाला गुंगीत नेणारा पदार्थ देणं हा विषप्रयोगच, आणि त्यामुळे त्या माणसाला पुरलं गेलं तर तो खून. पण हा विष देणाऱ्याविरुद्धचा कायदा आहे, मढी उठतात याचा दाखला नव्हे. फुग्या माशाच्या विषाचा दावा वेड डेव्हिस या वनस्पती-अभ्यासकाने १९८०च्या दशकात केला. पुढे त्याने हैतीतून आणलेल्या भुकट्या तपासणाऱ्यांना त्यात ते विष नगण्यच सापडलं. १९९७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन 'झॉम्बीं'ची तपासणी छापून आली. एकीला स्किझोफ्रेनिया असावा, एकाच्या मेंदूला इजा होती, एक मतिमंद. त्यांतल्या दोघांची डीएनए चाचणी केली, तर ज्या घरांनी आपलं मेलेलं माणूस म्हणून ओळखलं होतं त्यांच्याशी त्यांचं नातंच नव्हतं. मेलेल्या लेकराची वाट बघणाऱ्या घराने भरकटलेलं कोणीतरी जवळ केलं होतं.

अमेरिकी सरकारने "मान्य" केलं म्हणजे काय, तर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने वादळ-भूकंपासाठी घरात पाणी, औषधं भरून ठेवा हे सांगायला झॉम्बीची गंमत केली. बस.

आणि ताई, ते सूप. गुलामगिरीत ते फक्त मालकाच्या टेबलावर जायचं, असं हैतीत सांगतात. १ जानेवारी १८०४ला देश स्वतंत्र झाला, तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी ते घरोघर शिजतं आणि शेजारीपाजारी वाटलं जातं. डबा अजून तुझ्याकडेच असेल. रिकामा परत देऊ नकोस. तीळगूळ झालेच असतील, तेच घालून दे.