ओएई पास झाली तरी बेरा कशासाठी?

“बाळ टाळीला दचकते म्हणजे त्याला ऐकू येते. ओएई पास झाल्यावरही बेरा सांगतात तो पैसे काढण्याचा धंदा आहे. त्यात मेंदूला करंट देतात, झोपेचे औषध पाजतात. शिवाय मशीन धडधाकट बाळांनाही नापास करते.”

हा संदेश माझ्या भाचीने पाठवला आणि विचारले, “मावशी, उद्याची बेरा रद्द करू का?” तिच्या बाळाची कावीळ इतकी वाढली होती की रक्त बदलावे लागले, आणि ते ९ दिवस अतिदक्षता विभागात होते. ओएई आणि बेरा या बाळाला ऐकू येते का हे पाहणाऱ्या तपासण्या मी रोज करते; या बाळाच्या बाबतीत संदेशातले दुसरे वाक्य सर्वांत घातक आहे.

ओएईमध्ये कानात छोटा प्रोब बसवून आवाज सोडतात. आतल्या कानातील बाह्य केसपेशी त्यावर स्वतःचा अतिशय क्षीण आवाज काढतात आणि प्रोबमधला मायक्रोफोन तो टिपतो. तपासणी तिथेच संपते. श्रवणनस पुढे काम करते का, हे तिला कळत नाही. बेरामध्ये कानात सोडलेल्या प्रत्येक ‘क्लिक’ आवाजानंतर सुमारे १० मिलिसेकंदांत नस आणि मेंदूचा देठ यांतून उठणाऱ्या लहरी दिसतात. तीव्र कावीळ नेमकी याच वाटेवर घाव घालते आणि केसपेशी मात्र बहुधा शाबूत ठेवते. अमेरिकेच्या ‘जॉइंट कमिटी ऑन इन्फन्ट हिअरिंग’ने २००७ मध्येच सांगितले आहे की ५ दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची चाळणी तपासणी बेरा पद्धतीनेच करावी.

भाचीच्या बाळाची ओएई दोन्ही कानांत पास होती. बेरामध्ये मात्र ९० डेसिबलच्या क्लिकलाही मेंदूच्या देठातून उठणारी पाचवी लहर उमटली नाही. सुरुवातीला काही बारीक लहरी होत्या. क्लिकच्या आवाजलहरीची दिशा उलटवताच त्याही उलट्या झाल्या. म्हणजे त्या नसेच्या नव्हत्या, केसपेशींच्या होत्या. याला ऑडिटरी न्यूरोपॅथी म्हणतात. यात सपाट आलेख म्हणजे पूर्ण बहिरेपण नव्हे, आणि काही बाळांत पुढे सुधारणाही होते. म्हणून केवळ या आलेखावरून श्रवणयंत्र न लावता ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरवली आहे.

टाळीचे म्हणाल, तर तिचा आवाज मोठा असतो, हवेचा झोत लागतो, पाळणा हलतो. मध्यम श्रवणदोष असलेले बाळही दचकते, पण त्याला हळू बोललेले ऐकू येत नाही. करंटची गोष्ट निव्वळ थाप आहे: कपाळावरचे आणि कानामागचे इलेक्ट्रोड काहीही सोडत नाहीत, फक्त टिपतात. ती लहर मायक्रोव्होल्टच्याही अंशाएवढी असल्याने हजार-दोन हजार क्लिकची सरासरी काढावी लागते. बाळ हातपाय हलवू लागले की ती स्नायूंच्या गोंगाटात बुडते. म्हणून बाळ झोपलेले असावे लागते. पहिल्या काही महिन्यांत दूध पाजून आलेली झोप बहुधा पुरते. मोठ्या, अस्वस्थ मुलाला वजनाप्रमाणे औषध द्यावे लागते, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे, एवढी काळजी रास्त आहे.

मशीन धडधाकट बाळांनाही नापास करते, या संदेशाच्या शेवटच्या वाक्यात अर्धे सत्य आहे, हे मान्य करते. जन्मानंतर पहिल्या दिवशी कानातला चिकट थर किंवा मधल्या कानातला द्रव ओएई अडवतो आणि यंत्रावर ‘रेफर’ येते. पण ‘रेफर’ म्हणजे बहिरा नव्हे. कान मोकळा झाल्यावर तपासणी पुन्हा करायची.